विश्लेषण : गोष्ट वयासाठी की वाचनासाठी? मुलांच्या पुस्तकांवरचा ‘वयोगट’ का फसतो?

मुलांच्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला ‘वयोगट ६ ते ८’ किंवा ‘वयोगट ९ ते ११’ असा शिक्का असतो. पालक तो पाहून पुस्तक घेतात, शाळा तो पाहून ग्रंथालयाची यादी करते. या एका शिक्क्यात मात्र दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. मुलाला काय वाचता येते ही एक गोष्ट आणि मुलाला काय वाचावेसे वाटते ही दुसरी. बहुतेक मुलांची या दोन बाबतींतली वाढ सारख्या वेगाने होत नाही. मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी या दोन मोजपट्ट्या वेगळ्या केल्याशिवाय चौथी-पाचवीत वाचनापासून तुटणारी मुले पुस्तकांकडे परतणार नाहीत.

नेमकी अडचण काय आहे?

‘असर’ या पाहणीत ग्रामीण भागातील मुलांचे वाचन घरोघरी जाऊन तपासले जाते. त्यासाठीचे साधन साधे आहे. एका कागदावर अक्षरे, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. यातले मुलाला कुठपर्यंत वाचता येते, ती त्याची पातळी. २०२४च्या पाहणीत देशभरातील ग्रामीण भागात पाचवीतली ४८.८ टक्के मुले दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकत होती. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त मुले पाचवीत असूनही तिथपर्यंत पोहोचलेली नव्हती.

यातल्या एका मुलीचा विचार करू. ती दहा वर्षांची आहे. घरी धाकट्या भावाला सांभाळते, दुकानातून सुटे पैसे मोजून आणते, मोबाइलवर मालिका पाहते आणि त्यातली कारस्थाने तिला नीट कळतात. वाचन मात्र पहिली-दुसरीच्या पातळीवर अडकलेले आहे. तिला ‘वयोगट ९ ते ११’चे पुस्तक दिले तर पहिल्या पानावरच ती थकते. ‘वयोगट ६ ते ८’चे दिले तर त्यात गुबगुबीत ससा आणि हरवलेला फुगा असतो. ते तिला वाचता येते, पण शेजारच्या मुलांदेखत ते हातात धरायची तिला लाज वाटते. पहिले पुस्तक तिला जमत नाही आणि दुसरे तिला नको असते. तिसऱ्या प्रकारचे पुस्तक आपल्याकडे जवळपास लिहिलेच जात नाही.

वाचनपातळी कशी ठरवतात?

‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेची आणि तिच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळाची चार पातळ्यांची रचना अनेक शिक्षकांना माहीत आहे. पहिल्या पातळीत सोपे शब्द, त्यांची पुनरावृत्ती आणि अडीचशेपेक्षा कमी शब्दांची गोष्ट. दुसऱ्या पातळीत साध्या कल्पना आणि सहाशेपर्यंत शब्द. तिसरीत लांब वाक्ये आणि दीड हजारापर्यंत शब्द. चौथीत त्याहून मोठी, गुंतागुंतीची गोष्ट. इथे वयाऐवजी मजकूर पाहिला जातो, हे या रचनेचे मोठेपण. सुरुवात म्हणून ती चांगलीच आहे.

पण शब्दसंख्येची मोजपट्टी मराठीत एकटी पुरत नाही. हिंदीत ‘पेड़ के नीचे’ हे तीन शब्द होतात. मराठीत तेच ‘झाडाखाली’ असा एकच शब्द होतो. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘झाड’ हा शब्द चित्रासारखा ओळखणारे मूल ‘झाडाखालच्या’ या शब्दापाशी थबकते, कारण तिथे त्याला नवा, पाच अक्षरांचा शब्द दिसतो. हिंदीतून मराठीत आलेली गोष्ट शब्दांच्या मोजणीत लहान झाली तरी वाचायला अवघड झालेली असू शकते. अनुवाद करताना मूळ पुस्तकावरचा पातळीचा आकडा तसाच पुढे नेला, तर तो मराठी वाचकाची दिशाभूल करतो.

हाच मुद्दा वेगाने वाचण्याच्या उद्दिष्टालाही लागू आहे. २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत, असे लक्ष्य आहे. मराठीतले ६० शब्द आणि हिंदीतले ६० शब्द हे सारखे ओझे नव्हे. मुलांसाठी लिहिणाऱ्याने म्हणूनच शब्दांबरोबर अक्षरेही मोजावीत. नवख्या वाचकासाठी दोन-तीन अक्षरांचे शब्द सोयीचे, चार-पाच अक्षरांचे मोजकेच, आणि त्याहून लांब शब्द शक्यतो टाळलेलेच बरे.

मराठीत मूल नेमके कुठे अडते?

इंग्रजीत नवख्या वाचकाला स्पेलिंगचा गोंधळ छळतो. देवनागरीत तो त्रास कमी आहे, कारण बहुतांशी जसे लिहिले तसेच वाचायचे असते. इथला अडथळा अक्षराच्या घडणीत आहे. सुटे व्यंजन आले तरी काना, मात्रा, वेलांटी, उकार लागले की अक्षर बदलते. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. त्यापुढे जोडाक्षरे. त्यात एकटा ‘र’ किती रूपे घेतो पाहा : ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरपा होतो, ‘ट्रक’मध्ये त्याची खालची खूण वेगळी दिसते आणि ‘वाऱ्यावर’मध्ये तो आणखी निराळा दिसतो.

यावर उपाय म्हणून जुन्या अंकलिप्यांच्या धर्तीवर ‘अमर घर बघ, कमल नमन कर’ अशी बिनमात्रांची वाक्ये लिहिली जातात. ती वाचता येतात, पण त्यात काही घडत नाही. घरात कोणी असे बोलत नाही. वाचन म्हणजे अर्थ नसलेले काहीतरी म्हणणे, असा धडा मूल त्यातून शिकते. म्हणून पहिल्या पातळीच्या लेखकाने मात्रा वापराव्यात. काना, वेलांटी, उकार यांच्याशिवाय मराठीत माणसासारखे वाक्य होत नाही. टाळायचे असेल तर जोडाक्षर टाळावे.

इथे खरी कसोटी लागते, कारण मराठीतले अगदी रोजचे शब्द जोडाक्षरांचे आहेत. गोष्टीत पावलोपावली येणारा ‘म्हणाली’ हा शब्दच जोडाक्षराने सुरू होतो. ‘पुन्हा’, ‘इतक्यात’, ‘माझ्या’, ‘त्याने’, ‘नव्हते’ यांचेही तेच. ‘आजीच्या घरी’ म्हटले की ‘च्या’ आला. मांजर ‘म्याव’ म्हणाले तरी जोडाक्षर आले!

नामांचेही तसेच आहे. ‘कावळा’ सोपा दिसतो, पण त्याने काही केले की ‘कावळ्याने’ होते. ‘घोडा’ दिसायला सोपा, त्यावर बसले की ‘घोड्यावर’. ‘डबा’ उघडेपर्यंत ठीक, आत पाहायचे तर ‘डब्यात’. पुल्लिंगी आकारान्त नामे बहुधा अशी वागतात. उलट ‘चिमणी’ची ‘चिमणीने’ होते, ‘वाघ’चे ‘वाघाने’, ‘आजी’चे ‘आजीला’, ‘पिशवी’चे ‘पिशवीत’. त्यांना प्रत्यय लागला तरी नवे जोडाक्षर तयार होत नाही. नवख्या वाचकासाठी लिहिताना नायक निवडण्याआधी त्याची सगळी रूपे कागदावर लिहून पाहावीत, ती यामुळेच. नायक बदलला की अर्धी अडचण लिहिण्याआधीच सुटते.

एकच प्रसंग वेगवेगळ्या वाचकांसाठी कसा लिहायचा?

एक साधा प्रसंग घेऊ. एसटीत पिशवी राहून जाते. मोठ्या माणसाच्या हातून सहज उतरणारे वाक्य असे असेल : ‘म्हसवडच्या बाजारातून परतताना आजीची भाजीची पिशवी एसटीतल्या बाकाखालीच राहून गेल्याचं मुक्ताच्या लक्षात आलं.’ मराठी म्हणून यात काही खोट नाही. पण तेरा शब्दांच्या या वाक्यात सात जोडाक्षरे आहेत आणि मुख्य घटना, म्हणजे पिशवी राहिली हे, वाक्याच्या पोटात दडले आहे. दुसरीतले मूल ‘लक्षात’पर्यंत पोहोचेतो ‘म्हसवड’ विसरलेले असते.

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी हा प्रसंग लिहिताना आधी एक गोष्ट मान्य करावी लागते, की हे मूल वाचणार नाही, ऐकणार आहे. वाचणारी आई, आजोबा किंवा अंगणवाडीताई आहेत. त्यामुळे जोडाक्षरांचे बंधन इथे नाही आणि लांब वाक्याचेही नाही. इथे हवा ठेका, परत परत येणारी ओळ आणि पुढे काय होणार याचा अंदाज बांधायची संधी :

‘खडखड खडखड एसटी चालली, आजी डुलक्या घेऊ लागली, आणि बाकाखालून हळूच, अगदी हळूच, एक शेपूट वर आलं. कोणाचं बरं?’

चार वर्षांचे मूल हे वाचू शकत नाही, पण यातला शब्दन् शब्द त्याला कळतो. ऐकून समजण्याची पातळी वाचून समजण्याच्या पातळीच्या कितीतरी पुढे असते. या वयासाठी मुद्दाम बाळबोध, तुटक वाक्ये लिहिणारे लेखक दोन्ही पातळ्या एकच समजतात आणि मुलाला त्याच्या हक्काच्या भाषेपासून वंचित ठेवतात.

आता सहा-सात वर्षांचे, स्वतः वाचू पाहणारे मूल. मुक्ताची ‘मीना’ करू आणि गोष्ट अशी लिहू :

‘आजी आली. मीना आली. आजीची पिशवी कुठे? पिशवी एसटीत राहिली! मीना धावली. थांबा, थांबा! एसटी थांबली. पिशवी मिळाली. पिशवी हलली! पिशवीत काय? पिशवीत मनी!’

हे चोवीस शब्द आहेत आणि एकही जोडाक्षर नाही. ‘पिशवी’ सहा वेळा येते. पहिल्यांदा मूल तो शब्द अक्षर-अक्षर जुळवून वाचेल, चौथ्या वेळी पाहताक्षणी ओळखेल. ‘मीना म्हणाली’ लिहावे लागू नये म्हणून बोलणे थेट ठेवले आहे. कोण बोलते ते चित्र सांगेल. चित्रावर आणखी एक काम सोपवता येते. मनी पहिल्या चित्रापासून बाकाखाली दिसत राहील, पण मजकूर तिच्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. मग वाचणाऱ्या मुलाला आजी आणि मीनापेक्षा जास्त माहीत असते, आणि शेवटच्या पानावर पोहोचण्याची ओढ तिथूनच येते. मजकुरात आहे तेच चित्रात पुन्हा काढले, तर चित्र पाहून शब्दाचा अंदाज बांधता येतो, पण गोष्टीची गंमत हरवते.

आणि ती दहा वर्षांची मुलगी?

आता वर वर्णन केलेल्या मुलीकडे येऊ. तिची वाचनपातळी या सात वर्षांच्या मुलाइतकीच आहे. तिलाही जोडाक्षरे अडवतात, तिचीही लांब वाक्यात दमछाक होते. पण पिशवीतल्या मांजरीचे तिला कौतुक नाही. तेव्हा बंधने तीच ठेवून प्रसंगच बदलू :

‘अंधार पडला. शेवटची गाडी निघून गेली. बाकावर एक पिशवी राहिली होती. समीर जवळ गेला. पिशवी जड होती. आत एक डबा. समीरने डबा उघडला. आत नोटा! समीरने इकडे तिकडे पाहिलं. कोणी नाही. नोटांखाली एक कागद होता. कागदावर एक नाव. खाली लिहिलं होतं : ऑपरेशन, सोमवारी सकाळी. आज रविवार. समीरकडे फोन नाही. गाव चार किलोमीटर दूर. समीरने पिशवी उचलली.’

हे छप्पन्न शब्द. इथेही एकही जोडाक्षर नाही, एकही वाक्य सहा शब्दांपेक्षा मोठे नाही, एकही शब्द पाच अक्षरांपेक्षा लांब नाही. वाचनाच्या पट्टीवर ही गोष्ट मीनाच्या गोष्टीच्या शेजारी बसते. पण इथे पैसे आहेत, अंधार आहे, कोणी पाहत नाही आणि कोणाचा तरी जीव वेळेत अडकला आहे. समीरने पिशवी उचलली, पण कशासाठी उचलली हे अजून सांगितलेले नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पडणारा प्रश्न नेमका हाच असतो : कोणी बघत नसताना मी काय केले असते?

या गोष्टीत लेखकाने काय-काय सांभाळले ते पाहण्यासारखे आहे. मोठी माणसे दूर ठेवली आहेत. आठ-नऊनंतरच्या मुलांना आपल्याच वयाचे किंवा थोडे मोठे पात्र एकट्याने निर्णय घेताना पाहायचे असते. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर मराठी मुलांच्या पिढ्या लुब्ध झाल्या, त्यात या सुटेपणाचा वाटा मोठा होता. तणाव विशेषणांनी वाढवलेला नाही. ‘कोणी नाही’ आणि ‘आज रविवार’ या दोन-दोन शब्दांच्या वाक्यांनी तो वाढतो. म्हणजे वाक्य लहान ठेवण्याचे बंधन इथे गोष्टीच्याच कामी आले. ‘डब्यात’ टाळण्यासाठी नोटा ‘आत’ आहेत आणि कागद ‘नोटांखाली’. ‘रात्र झाली’ऐवजी ‘अंधार पडला’. अशी अदलाबदल वाचकाला जाणवू नये, पण लेखकाला ती वाक्यावाक्याला करावी लागते.

पुस्तकाचे रूपही वयाला शोभायला हवे. या गोष्टीला मोठ्ठी अक्षरे, गोल चेहऱ्यांची गुलाबी चित्रे आणि मुखपृष्ठावर ‘माझे पहिले वाचन’ असे लिहिले, तर आतली सगळी मेहनत वाया गेली. चित्रे मोठ्या मुलांच्या पुस्तकासारखी, आकार खिशात मावणारा आणि ओळींमध्ये पुरेशी मोकळी जागा, एवढे पुरे. मोकळ्या जागेमुळे रफार आणि उकार एकमेकांत अडकत नाहीत, आणि नवख्या वाचकाला त्याची मदत मोठ्या टायपाइतकीच होते.

सहज वाचणाऱ्या मुलासाठी काय बदलायचे?

पाचवीतल्याच, पण सहज वाचणाऱ्या मुलासाठी हाच प्रसंग लिहिताना सगळे दरवाजे उघडता येतात. जोडाक्षरांची भीती संपलेली असते. आता समीरच्या घरी फीचे पैसे थकलेले असू शकतात, त्याचा मित्र वेगळा सल्ला देऊ शकतो, समीर स्वतःशी खोटे बोलू शकतो. ‘मी पिशवी फक्त सुरक्षित ठेवण्यासाठी घरी नेतोय’ असे तो म्हणतो आणि वाचकाला कळते की हे पूर्ण खरे नाही. पात्र जे म्हणते आणि जे वागते यातली फट ओळखणे, ही या टप्प्याची वाढ आहे. शब्द अवघड करण्यापेक्षा ही फट रुंद करण्यावर लेखकाने कष्ट घ्यावेत. अनेक लेखक इथे उलटे करतात. मोठ्या मुलांसाठी लिहायचे म्हणून संस्कृतप्रचुर शब्द आणतात आणि विचार मात्र सात वर्षांच्या मुलाचाच ठेवतात. शेवटी समीर पिशवी परत करतो, गुरुजी शाबासकी देतात, तात्पर्य छापले जाते. बारा वर्षांच्या वाचकाला हे तात्पर्य तिसऱ्या ओळीतच दिसलेले असते.

गोष्ट योग्य पातळीची झाली, हे ओळखायचे कसे?

लेखकाच्या टेबलावर हे कळत नाही. गोष्ट छापण्याआधी त्या पातळीच्या पाच-सहा मुलांकडून ती मोठ्याने वाचून घ्यावी लागते. वाचनशिक्षणात एक जुना ठोकताळा आहे : शंभरातले पंच्याण्णव किंवा त्याहून जास्त शब्द मूल बिनचूक वाचत असेल, तर थोड्या मदतीने ते मजकूर पेलते, नव्वदच्या खाली गेले तर मजकूर फार जड आहे. हा ठोकताळा इंग्रजी वाचनातून आलेला आहे, म्हणून त्याला ब्रह्मवाक्य मानू नये. पण सुरुवात करायला तो बरा आहे.

चुका किती झाल्या यापेक्षा कुठे झाल्या हे जास्त सांगून जाते. मूल ‘झा-डा-खा-ल-च्या’ असे तोडून वाचत असेल तर शब्द लांब झाला आहे. पहिले अक्षर पाहून बाकीचा अंदाज मारत असेल, ‘पिशवी’चे ‘पिवळी’ करत असेल, तर पानावर नवे शब्द फार झाले आहेत. सगळे बिनचूक वाचले पण ‘मग काय झाले?’ विचारल्यावर गप्प बसले, तर सगळी शक्ती अक्षरे जुळवण्यात गेली, गोष्ट हाती लागली नाही. आणि नीट वाचले, नीट सांगितले, पण पुढचे पान आपणहून उलटले नाही, तर पातळी बरोबर आहे आणि गोष्ट चुकली आहे. हा चौथा प्रकार संपादकांच्या नजरेतून सर्वात जास्त सुटतो, कारण मोजता येण्याजोगे सगळे त्यात बरोबर असते.

आणखी एक गोष्ट अशा वाचनातच उघडी पडते. पुस्तकी शब्द आणि मुलाच्या घरचा शब्द वेगळा असतो. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या किंवा घरी गोंडी, भिल्ली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतला साधा वाटणारा शब्दही नवा असू शकतो. त्याने तो अक्षरे जुळवून वाचला, तरी डोळ्यांसमोर काहीच येत नाही. अशा वेळी शब्द बदलावा किंवा चित्राने तो उलगडावा. खाली शब्दार्थ देण्याचा उपयोग या वाचकाला होत नाही, कारण शब्दार्थही त्याला वाचावेच लागतात.

या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या?

पातळीवार लेखनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की याने भाषा खुरटते. आक्षेपात तथ्य आहे. जोडाक्षरे टाळून कायम लिहिले तर मुलाला ती कधी भेटणार? म्हणून हे बंधन एका टप्प्यापुरतेच ठेवायचे. पुढच्या पुस्तकात ‘म्हणाली’ आणि ‘च्या’ ही दोन रूपे मुद्दाम आणावीत आणि प्रत्येक पानावर पुन्हा पुन्हा येऊ द्यावीत, कारण मराठी वाचनात ही जोडाक्षरे वारंवार भेटतात. त्यानंतर ‘त्य’, ‘ल्य’, ‘न्ह’ आणि शेवटी ‘र’ची निरनिराळी रूपे. तोवर मुलाच्या कानावर भरजरी भाषा पडत राहिली पाहिजे, म्हणजे कोणीतरी त्याला वाचून दाखवत राहिले पाहिजे. स्वतः वाचायचे पुस्तक आणि ऐकायचे पुस्तक अशी दोन पुस्तके एकाच मुलाच्या दप्तरात असायला हरकत नाही.

दुसरी मर्यादा अशी, की पातळीचा फलक मुलाच्या कपाळावर लागू शकतो. ‘तू अजून पहिल्या पातळीचा’ हे वाक्य वर्गात ऐकलेले मूल पुस्तकाला हात लावणार नाही. आणि आवडीच्या विषयासाठी मूल आपल्या पातळीच्या वर उडी मारते, हे प्रत्येक ग्रंथपालाने पाहिलेले असते. क्रिकेटचे वेड असलेले मूल खेळाडूंची जोडाक्षरांनी भरलेली आडनावे सहज वाचते. त्याला अडवायचे कारण नाही.

मग बदलायचे काय?

पहिला बदल छपाईचा. पुस्तकावर वयाचा आकडा आणि वाचनाची पातळी एकत्र छापणे थांबवावे. पातळीसाठी एखादी छोटी खूण, ठिपके किंवा कडेची रंगीत पट्टी पुरेशी आहे. शिक्षक आणि पालक ती ओळखतील, वर्गातल्या मुलांना ती टोचणार नाही. वय लिहायचेच असेल, तर ते विषयाबद्दल असावे आणि फक्त प्रकाशकाच्या यादीत असावे, मुखपृष्ठावर नाही.

दुसरा बदल खरेदीचा. शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके घेताना यादीत इयत्तेचा एक रकाना असतो. तिथे दोन रकाने हवेत, एक वाचनपातळीचा आणि एक आवडीच्या वयाचा. दोन रकाने भरायला घेतले की पहिल्याच दिवशी एक रिकामी जागा दिसेल : सोपे वाचन, मोठे वय. ती जागा रिकामी आहे हे दिसल्याशिवाय तिथली मागणी तयार होणार नाही, आणि मागणीशिवाय प्रकाशक त्या जागेसाठी लिहून घेणार नाहीत.

तिसरा बदल लेखकांच्या मनातला, आणि तो सर्वात अवघड आहे. सोप्या वाचनाचे पुस्तक म्हणजे हलके काम, असा समज आपल्याकडे आहे. दीड हजार शब्दांची किशोरकथा लिहिणाऱ्याला लेखक म्हटले जाते आणि छप्पन्न शब्दांत समीरला पिशवीपाशी उभे करणाऱ्याला ‘पूरक वाचन साहित्य’ तयार करणारा. बालसाहित्याच्या पुरस्कारांनी आणि दिवाळी अंकांनी या लेखनाला जागा दिली, त्याला मानधन शब्दांच्या संख्येवर न देता कामावर दिले, तर चांगले हात तिकडे वळतील. पाचवीत असूनही दुसरीची गोष्ट न वाचू शकणाऱ्या मुलांना ससा आणि फुगा देऊन आपण पुन्हा बालवाडीत पाठवतो. त्यांना वाचता येईल असे, पण त्यांच्या वयाचे काहीतरी द्यायचे असेल, तर ते कोणीतरी बसून लिहावे लागेल.